लॉट केवढा काढायचा?

मिक्सर बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणू. रोज १८० मिक्सर तयार होतात आणि वर्षातले ३०० दिवस काम चालते. प्रत्येक मिक्सरला एक स्विच लागतो आणि एक प्लॅस्टिकची बॉडी लागते. स्विच बाहेरून विकत येतो. टेम्पो आला की खोकी उतरतात, मोजली जातात आणि स्टोअरच्या मांडणीवर चढतात. त्या दिवशी मांडणी गच्च भरते, मग रोज थोडी थोडी रिकामी होत जाते आणि तळ दिसू लागला की पुढचा टेम्पो येतो.

बॉडीचे तसे नाही. ती शेजारच्या शेडमधल्या इंजेक्शन मोल्डिंग मशिनवर तयार होते. मशिन साधारण ५५ सेकंदांत एक बॉडी बाहेर टाकते, म्हणजे आठ तासांच्या पाळीत धरून चालायला ५०० नग. हे नग जमत असतानाच असेंब्लीची पोरे त्यातले १८० उचलून नेतात. जे बनते ते सगळे साठत नाही. दिवसाकाठी शिलकीत फक्त ३२० नगांची भर पडते.

स्विच एकदम येतो आणि बॉडी हळूहळू साठते, एवढाच काय तो फरक. पण एका वेळी किती नग मागवायचे आणि एका वेळी किती बनवायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यामुळेच वेगळी येतात. पहिल्या उत्तराला उद्योगजगतात ईओक्यू, म्हणजे किफायतशीर खरेदी लॉट म्हणतात. दुसरे ईपीक्यू, म्हणजे किफायतशीर उत्पादन लॉट. अनेक कारखान्यांत संगणकावर पहिले सूत्र बसवलेले असते आणि आतल्या उत्पादनालाही तेच लावले जाते. त्याने किती बिघडते आणि कुठे बिघडते, हे आकडे मांडूनच कळते.

आधी साधे सूत्र पाहू. एका वेळी जास्त माल मागवला तर वर्षातल्या ऑर्डरी कमी होतात. ऑर्डर काढणे, पाठपुरावा करणे, गाडीभाडे आणि माल तपासून घेणे यांचा खर्च घटतो. पण मग माल जास्त दिवस पडून राहतो. त्यात पैसा अडकतो, जागा अडते, खोकी फाटतात, माल खराब होतो. लॉट लहान केला की उलटे घडते. या दोन खर्चांची बेरीज जिथे सगळ्यांत कमी होते तो लॉट शोधायचा.

अमेरिकेतल्या फोर्ड व्हिटमन हॅरिस या अभियंत्याने हा हिशेब ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकाच्या फेब्रुवारी १९१३च्या अंकात मांडला. त्याचे उदाहरण अगदी साधे होते. महिन्याला १,००० नग लागतात, नगाची किंमत १० सेंट आहे, एकदा मशिन लावायला २ डॉलर पडतात आणि अडकलेल्या पैशावर वर्षाला १० टक्के खर्च येतो. उत्तर आले सुमारे २,१९० नग. पुढे आर. एच. विल्सन यांनी १९३४ साली याच विषयावर लिहिले आणि बराच काळ हे सूत्र विल्सनच्या नावाने ओळखले गेले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हॅरिसने लेख लिहिला होता तो खरेदीवर नव्हे, तर कारखान्यात एका वेळी किती भाग बनवावेत यावर. तरीही हिशेबात त्याने पूर्ण लॉट एकदम स्टोअरमध्ये येतो असे धरले होते. उत्पादनाचा वेग हिशेबात घेतला तो ई. डब्ल्यू. टॅफ्ट यांनी, १९१८ साली. आज ज्याला ईपीक्यू म्हणतात त्याची सुरुवात तिथली.

आता बॉडीकडे येऊ. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण अशा कारखान्यात बसतील असेच आहेत. वर्षाची गरज ५४,००० नग. एका बॉडीची किंमत ५० रुपये. एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च किमतीच्या १८ टक्के धरू. त्यात बँकेचे व्याज १२ टक्के आणि जागा, क्रेट, धूळ, ओरखडे यांपोटी उरलेले ६ टक्के. म्हणजे नगामागे वर्षाला ९ रुपये. मशिनवर बॉडीचा मोल्ड एकदा चढवायला ३,००० रुपये लागतात.

समजा, ही बॉडी बाहेरून येत असती आणि प्रत्येक ऑर्डरीमागेही तेवढाच ३,००० रुपये खर्च झाला असता. मग साधे सूत्र लागू पडले असते:

```
Q = √(2DS / h)
Q = √(2 × 54000 × 3000 / 9) = 6000
```

यात `D` म्हणजे वर्षाची गरज, `S` म्हणजे एका ऑर्डरीचा किंवा एका सेटअपचा खर्च आणि `h` म्हणजे एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. उत्तर ६,००० नग. वर्षाला नऊ ऑर्डरी, त्यांचा खर्च २७,००० रुपये. साठा ६,०००पासून शून्यापर्यंत उतरतो, म्हणजे सरासरी ३,००० नग पडून. त्यांचा खर्चही २७,००० रुपये. एकूण ५४,०००. दोन्ही खर्च सारखे आले हा योगायोग नाही. या सूत्राने काढलेल्या लॉटला ते नेहमी सारखेच येतात, आणि हिशेब तपासायला ही खूण उपयोगी पडते.

बॉडी आत बनते तेव्हा चित्र बदलते. शाळेच्या गणितातला हौद आठवावा, ज्यात एक नळ पाणी सोडतो आणि दुसरा त्याच वेळी बाहेर काढतो. ७,५०० नगांचा लॉट काढला तर तो पूर्ण व्हायला १५ दिवस लागतात. त्या १५ दिवसांत असेंब्ली २,७०० नग वापरून टाकते. शेवटची बॉडी साच्यातून बाहेर पडते तेव्हा शेडमध्ये ७,५०० नव्हे, ४,८०० नग असतात. साठ्याचा हा कळस. मग मशिन दुसऱ्या कामाला लागते आणि हे ४,८०० नग पुढचे साधारण २७ दिवस पुरतात.

म्हणजे लॉटच्या १०० नगांमागे फक्त ६४ नग साठतात. उरलेले ३६ बनता बनताच संपतात. हे प्रमाण येते वापराच्या आणि उत्पादनाच्या वेगांच्या भागाकारातून. १८० भागिले ५०० म्हणजे ०.३६. रोजचा वापर `d` आणि रोजचे उत्पादन `p` मानले तर सूत्रात तेवढीच एक भर पडते:

```
Q = √(2DS / (h × (1 − d/p)))
Q = √(2 × 54000 × 3000 / (9 × 0.64)) = 7500
```

साठवणूक स्वस्त झाली, म्हणून लॉट मोठा काढणे परवडते. वर्षाला सरासरी ७.२ सेटअप, त्यांचे २१,६०० रुपये. साठा सरासरी २,४०० नग, त्यांचेही २१,६०० रुपये. एकूण ४३,२००. खरेदीच्या हिशेबापेक्षा वर्षाला १०,८०० रुपये कमी, म्हणजे २० टक्के बचत.

हे वाचून कोणी उत्साहाने सगळे लॉट वाढवायला निघाला, तर त्याने आधी आणखी एक बेरीज करावी. आत बनणाऱ्या बॉडीला चुकून खरेदीचे सूत्र लावले आणि ७,५००ऐवजी ६,००० नगांचा लॉट काढला, तर किती नुकसान होते? सेटअपचे २७,००० रुपये आणि साठवणुकीचे १७,२८०, मिळून ४४,२८०. योग्य उत्तरापेक्षा फक्त १,०८० रुपये जास्त. वर्षाला एवढा फरक कोणत्याही मालकाची झोप उडवणार नाही.

याचे कारण या खर्चाच्या आलेखात आहे. तो तळाशी चांगला सपाट असतो. योग्य लॉटच्या आसपास थोडे इकडेतिकडे झाले तरी एक खर्च वाढतो तेवढ्यात दुसरा घटतो. अगदी दुप्पट, १५,००० नगांचा लॉट काढला तरी एकूण खर्च ५४,००० होतो, म्हणजे २५ टक्के जास्त. म्हणून ७,५०० हे उत्तर पवित्र मानू नये. क्रेटमध्ये २५ नग मावत असतील, किंवा कच्च्या मालाच्या गोण्यांच्या हिशेबाने ७,२०० किंवा ८,००० सोयीचे पडत असतील, तर खुशाल तसे करावे.

मग दोन सूत्रांतला फरक महत्त्वाचा कधी ठरतो? पहिली वेळ म्हणजे मशिन हळू असते तेव्हा. समजा, हीच बॉडी जुन्या, संथ मशिनवर निघते आणि दिवसाला जेमतेम २१४ नग होतात. वापर १८०च. आता बनलेल्या १०० नगांतले ८४ लगेच खपतात, साठतात फक्त १६. सूत्र १५,००० नगांचा लॉट सांगते. आकडा ऐकून स्टोअरवाला घाबरेल, पण साठ्याचा कळस २,४०० नगांच्या वर जातच नाही. इथे ६,००० नगांचा लॉट काढत राहिले तर वर्षाला ३१,३२० रुपये खर्च होतो, योग्य लॉटला २१,६००. आता चूक ४५ टक्क्यांची आहे. मशिनचा वेग वापराच्या जितका जवळ, तितके खरेदीचे सूत्र जास्त फसवते. उलट मशिन वापराच्या दसपट वेगाने चालत असेल तर दोन्ही उत्तरांत पाच-सहा टक्क्यांचाच फरक पडतो आणि साधे सूत्र पुरते.

दुसरी वेळ अधिक सावधगिरीची आहे. इथे सूत्रातले चिन्हच उलटते.

ईपीक्यूच्या हिशेबाचा सगळा आधार एका गृहीतावर आहे. पहिली बॉडी बनली की ती लगेच वापरता येते. प्रत्यक्षात हे नेहमी खरे नसते. अनेक ठिकाणी पूर्ण लॉट संपेपर्यंत गुणवत्ता विभाग माल सोडत नाही. कुठे बॉडी छपाईला किंवा रंगाला बाहेर जाते आणि गाडी भरल्याशिवाय ती जात नाही. कुठे कारण साधेच असते. स्टोअरची पावती पूर्ण लॉटचीच फाडायची, अशी जुनी पद्धत असते.

असे झाले की १५ दिवस मशिन चालू आहे, पण त्यातला एकही नग असेंब्लीला मिळत नाही. असेंब्ली त्या दिवसांत मागच्या लॉटचा माल वापरते. म्हणजे एकीकडे जुना लॉट उतरतो आहे आणि दुसरीकडे नवा लॉट चढतो आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कारखान्यात पडून आहेत. बनता बनता संपण्याची सवलत तर गेलीच, शिवाय चढत्या लॉटचा साठाही डोक्यावर आला. सूत्रात वजाच्या जागी अधिक येते:

```
Q = √(2DS / (h × (1 + d/p)))
Q = √(2 × 54000 × 3000 / (9 × 1.36)) ≈ 5145
```

आता योग्य लॉट ७,५०० नव्हे, ५,१४५ आहे. खरेदीच्या लॉटपेक्षाही लहान. त्याचा वर्षाचा खर्च जवळजवळ ६३,००० रुपये होतो. आणि कारखाना पुस्तकातले सूत्र वाचून ७,५०० नगांचाच लॉट काढत राहिला, तर ६७,५०० रुपये. मशिन तेच, साचा तोच, कामगार तेच, वापर तोच. बॉडी बनताच पुढे गेली तर ४३,२०० आणि लॉट संपायची वाट पाहिली तर ६७,५००. लॉटचा आकडा थोडा चुकल्याने १,०८० रुपये गेले होते. माल अडवून ठेवल्याने २४,३०० जातात.

त्यामुळे सूत्र निवडण्याआधी एक गोष्ट जागेवर जाऊन पाहावी लागते. लॉट सुरू झाल्यावर पहिल्या दिवशीच्या एका क्रेटला तारखेची चिठ्ठी लावायची आणि ते क्रेट असेंब्लीवर कधी उघडले जाते ते नोंदवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडले तर वजाचे सूत्र लागू. लॉट संपल्यानंतर उघडले तर अधिकचे. मधे कुठे, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या खेपा करून माल जात असेल, तर उत्तर या दोहोंच्या मधे येते. हे पाहताना एक खाचखळगा आहे. जुना माल आधी, नवा नंतर ही शिस्त असलेल्या ठिकाणी शिलकीतली क्रेट आधी उघडली जातील आणि चिठ्ठीवाले क्रेट उगाच मागे राहील. म्हणून मागचा लॉट जवळपास संपलेला असताना, हातात दोन-तीन दिवसांपुरतीच शिल्लक असताना ही तपासणी करावी.

माल अडवण्यामागे खरे कारण असेल तर ते आधी समजून घ्यावे. मोल्डिंगमध्ये पहिले काही नग अर्धवट भरलेले निघतात, कडेला प्लॅस्टिकची पातळ झालर येते किंवा जाड भागावर खड्डा पडतो. तापमान आणि दाब स्थिरावल्यावर हे दोष जातात. अशा वेळी गुणवत्ता विभागाने पहिला चांगला नग मंजूर करायचा आणि मग दर दोन तासांनी काही नग तपासत राहायचे, म्हणजे माल रोज सोडता येतो. पूर्ण लॉट झाल्यावर शेवटी तपासणी केली आणि तेव्हा दोष सापडला, तर १५ दिवसांचा माल एकदम बाद होण्याची भीती असते. रोज सोडलेल्या मालातला दोष असेंब्लीवर दुसऱ्याच दिवशी उघडा पडतो.

आता त्या ३,००० रुपयांकडे वळू, कारण दोन्ही सूत्रांत सगळ्यांत जास्त अंदाजपंचे धरलेला आकडा तोच असतो.

मोल्ड बदलायचा म्हणजे काय काय होते ते पाहावे. जुना लॉट संपला की मोल्डच्या पाण्याच्या नळ्या काढतात. क्लॅम्प सैल करून चेनब्लॉकने किंवा क्रेनने मोल्ड उचलतात. नवा मोल्ड आणून मधोमध बसवतात, क्लॅम्प आवळतात, नळ्या जोडतात. आधीचा माल काळा असेल आणि आता पांढरी बॉडी काढायची असेल, तर बॅरलमधला काळा दाणा पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवा दाणा वाया घालवत राहावे लागते. काळ्यावरून पांढऱ्यावर यायला वेळ जास्त लागतो, पांढऱ्यावरून काळ्यावर जायला कमी. म्हणून जाणता सुपरवायझर रंगांचा क्रम फिकटाकडून गडदाकडे लावतो. मग ट्रायलचे शॉट, त्यांचे वजन आणि पहिल्या नगाची मंजुरी. सगळे मिळून अर्धी पाळी जाते.

आपल्या ३,००० रुपयांत सेटर आणि मदतनीसांचे ९००, वाया गेलेल्या दाण्याचे ८००, तापवण्याच्या विजेचे ३०० आणि बंद राहिलेल्या मशिनचे १,००० रुपये धरले आहेत. यातल्या शेवटच्या आकड्यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. मशिनला रोज काम उरत असेल, त्या चार तासांत विकता येईल असा माल निघाला असता, तर १,००० रुपये धरणे बरोबर आहे. कदाचित ते कमीच पडतील. पण मशिन एरवी आठवड्यातून एक दिवस रिकामेच उभे राहत असेल, तर त्या चार तासांचे कारखान्याचे काहीच गेलेले नसते. मग सेटअपचा खर्च २,००० रुपये आणि लॉट ७,५००वरून सुमारे ६,१००वर येतो. हिशेबवहीतला मशिनचा तासाचा दर डोळे झाकून सेटअपला लावला की लॉट विनाकारण फुगतात.

याच आकड्यावर जपानमध्ये मोठे काम झाले. शिगेओ शिंगो या अभियंत्याने हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीत, १९५० साली एक निरीक्षण केले. सेटअपची कामे दोन प्रकारची असतात. काही मशिन बंद ठेवूनच करावी लागतात, काही मशिन चालू असतानाच उरकता येतात. पुढे टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते. १९६९च्या सुमारास शिंगोंच्या मदतीने ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले गेले.

आपल्या मोल्डिंग शेडमध्ये त्याचा अर्थ असा. पुढचा मोल्ड आधीच मशिनशेजारी आणून, तापवून ठेवायचा. पाण्याच्या नळ्यांना झटपट निघणाऱ्या जोडण्या बसवायच्या. सगळ्या मोल्डच्या तळपट्ट्या एकाच उंचीच्या करायच्या, म्हणजे क्लॅम्प पुन्हा जुळवत बसावे लागत नाही. यातून सेटअपचा खर्च समजा एक चतुर्थांश, म्हणजे ७५० रुपयांवर आला, तर वर्गमुळामुळे लॉट निम्मा होतो. ३,७५० नग, साडेसात दिवसांचे काम, साठ्याचा कळस २,४००. आणि वर्षाचा एकूण खर्च ४३,२००वरून थेट २१,६००. सूत्र बदलून १,०८० रुपये वाचले होते, सेटअप बदलून २१,६०० वाचतात.

शेवटचा मुद्दा सूत्राच्या मर्यादेचा. ईपीक्यू एका वेळी एकाच भागाकडे पाहते. प्रत्यक्षात त्या मोल्डिंग मशिनवर बॉडीच नाही, मिक्सरचा तळ आणि भांड्याचे झाकणही निघते. बॉडीला मशिनचा ३६ टक्के वेळ लागतो. तळाला ३० आणि झाकणाला १८ टक्के धरू. मिळून ८४ टक्के. तिन्ही भागांचे लॉट स्वतंत्र सूत्राने काढले, तर कधीतरी बॉडी आणि झाकण एकाच दिवशी मशिन मागतात. मग एक लॉट अर्ध्यावर तोडावा लागतो, म्हणजे एक सेटअप फुकट गेला, किंवा असेंब्ली झाकणासाठी थांबते. वरकरणी लॉट बरोबर असूनही लाइन वारंवार थांबत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

यावर साधा मार्ग म्हणजे तिघांना एकाच फेरीत बांधणे. बॉडी, मग तळ, मग झाकण आणि पुन्हा बॉडी. फेरीची लांबी काढताना तिन्ही सेटअपचे खर्च एकत्र धरायचे आणि तिन्हींच्या साठवणुकीचेही. समजा, फेरी ४० दिवसांची ठरली. बॉडीचा लॉट ४० दिवसांच्या वापराएवढा, म्हणजे ७,२०० नग. त्याला १४.४ दिवस लागतात. तळाला १२ आणि झाकणाला ७.२ दिवस. उत्पादनाचे ३३.६ दिवस झाले. अर्ध्या दिवसाचा एकेक असे तीन सेटअप, दीड दिवस. उरतात ४.९ दिवस. वीज गेली, हीटर जळाला, मोल्डची पिन तुटली, तर तेवढी मोकळीक आहे.

साठा कमी करायचा म्हणून कोणी ही फेरी १० दिवसांची केली, तर काय होईल? उत्पादनाला ८.४ दिवस, सेटअपला तेच दीड दिवस. एकूण ९.९. आता १० दिवसांत एका तासापेक्षाही कमी मोकळीक राहते आणि पहिल्याच बिघाडाला असेंब्ली थांबते. अर्ध्या दिवसाचा सेटअप कायम ठेवून फेरी ९.४ दिवसांच्या खाली नेताच येत नाही, मग खर्चाचे सूत्र काहीही सांगो. तोच सेटअप एका तासावर आला तर ही किमान मर्यादा २.३ दिवसांवर उतरते. दहा दिवसांची फेरी मग सहज चालते आणि बिघाडासाठी सव्वा दिवसाहून थोडा कमी वेळ हातात राहतो. म्हणून लॉटचा आकडा भिंतीवर लावण्याआधी हे दोन भागाकार करून पाहावेत. मशिनचा किती वेळ उत्पादनात जातो आणि उरलेल्या वेळात किती सेटअप बसतात.